सहीशिवाय निरोप नाही

आमच्या घरातल्या कपाटाचा खालचा खण सात वर्षे आमचा नव्हता. तिथे सोसायटीचे दप्तर होते. पावतीपुस्तके, सभावृत्तांताची वही, रबरी शिक्का, चेकबुक, बिस्किटांच्या जुन्या डब्यात रोख रक्कम आणि खिळ्याला टांगलेला चाव्यांचा जुडगा. मुंब्र्याच्या आमच्या इमारतीत बत्तीस फ्लॅट आहेत. आम्ही सचिव होतो. खजिनदारसाहेब नोकरीनिमित्त बाहेरगावी असत, म्हणून हिशेबाची वहीही आमच्याकडेच आली आणि राहिली.

आईच्या आजारपणामुळे गावी, खेडला, राहायला जाण्याची वेळ आली तेव्हा आम्हाला वाटले की, एक चिठ्ठी लिहावी, चाव्या अध्यक्षांच्या हातात ठेवाव्यात आणि सुटावे. अध्यक्ष हाजीसाहेबांनाही तसेच वाटत होते. "सात वर्षं तुम्हीच सांभाळलंत भाई, आता यादी-बिदी कशाला? जुडगा द्या, चहा घेऊ." आम्हाला ते ऐकून बरे वाटले. पण आमच्या जागी येणार होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या टीचर. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "भाईजान, तुमच्यावर भरवसा आहेच. पण मी यादीशिवाय एक चावीसुद्धा घेणार नाही."

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. घरी येऊन आम्ही बरेच काही बोललो. पुढच्या तीन आठवड्यांत जे झाले त्यानंतर तो राग कुठे गेला ते कळले नाही. आमच्या अनेक वाचकांच्या घरात कोणी ना कोणी सोसायटीच्या कमिटीवर आहे, म्हणून ते सगळे इथे सांगतो.

आधी राजीनाम्याचे. कमिटीवरचा माणूस दोन गोष्टी असतो. तो कमिटीचा सदस्य असतो आणि सचिव, खजिनदार किंवा अध्यक्ष असा पदाधिकारीही असतो. पद सोडून सदस्य म्हणून राहता येते आणि दोन्हीही सोडता येतात. म्हणून पत्रात नेमके काय सोडत आहोत ते लिहावे. नुसते 'मी राजीनामा देत आहे' एवढेच लिहिले तर पुढच्या सभेत त्यावरच वाद होतो. आम्ही लिहिले की, सचिवपद आणि कमिटीचे सदस्यत्व दोन्ही सोडत आहोत. पत्र अध्यक्षांच्या नावे, तारीख 5 जून, आणि दुसऱ्या प्रतीवर हाजीसाहेबांची तारखेसह पोच. अध्यक्षांनाच राजीनामा द्यायचा असेल तर त्यांनी तो सचिवाच्या नावे द्यायचा असतो.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार कमिटी सदस्याचा राजीनामा कमिटीने स्वीकारला त्या दिवसापासून किंवा पत्र मिळाल्यापासून एक महिना पूर्ण झाला की, यातले जे आधी घडेल तेव्हापासून लागू होतो. पदाधिकाऱ्याच्या बाबतीत मात्र आणखी एक अट आहे. त्याच्याकडचे काम अद्ययावत झाले आहे आणि सोसायटीची जी कागदपत्रे व मालमत्ता त्याच्या ताब्यात आहे ती त्याने कमिटीपुढे हजर केली आहे, अशी कमिटीची खात्री झाल्यावरच त्याचा राजीनामा स्वीकारायचा असतो. म्हणजे टीचर ज्या यादीचा आग्रह धरत होत्या ती त्यांची लहर नव्हती, नियमच तसा आहे. आपल्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते एकदा उघडून पाहावे. ते पुस्तक बहुतेक त्याच कपाटात सापडते.

आता यादी. आम्ही पहिली यादी केली ती एका पानाची होती. 'रजिस्टरे – 6, फायली – 11, चाव्या – 1 जुडगा.' टीचरांनी ती वाचली आणि परत दिली. "अकरा फायलींपैकी उद्या एखादी रिकामी निघाली तर ती तुम्ही दिली तेव्हा रिकामी होती की माझ्याकडे रिकामी झाली, हे या कागदावरून कळेल का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. यादी मोजण्यासाठी नसते. पुढे प्रश्न आला तर उत्तर देण्यासाठी असते.

मग मगरिबनंतर आम्ही दोघे आणि साक्षीदार म्हणून कमिटीतला एक तरुण, असे तीन संध्याकाळी बसलो. सगळ्यात आधी ते कागद वेगळे काढले जे हरवले तर पुन्हा मिळवायला वर्षे जातात. सोसायटीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या. प्रत्येकापुढे 'मूळ' की 'झेरॉक्स' ते लिहिले. तिथेच पहिला धक्का बसला. नोंदणी प्रमाणपत्र म्हणून आम्ही सात वर्षे जे जपून ठेवले होते ती झेरॉक्स होती. मूळ प्रत बँकेत खाते उघडताना कोणीतरी नेली आणि परत आणलीच नव्हती, हे खजिनदारांना फोन केल्यावर कळले. ती त्यांच्या घरात सापडली. यादी झाली नसती तर 'मूळ प्रत होती, गेली कुठे' हा सवाल कधीतरी टीचरांना विचारला गेला असता.

नंतर रजिस्टरे. सदस्यांची नोंदवही, जिला 'आय' नमुना म्हणतात, भागांची नोंदवही, नामनिर्देशनाची नोंदवही आणि सभांची वृत्तांतवही. प्रत्येकीचे शेवटचे लिहिलेले पान कोणते ते यादीत घातले आणि त्या पानावर शेवटच्या ओळीखाली रेघ मारून दोघांनी सह्या केल्या. वृत्तांतवहीत आम्ही पुढे कधीतरी लिहू म्हणून एका सभेसाठी दीड पान कोरे सोडले होते. ते पान तिरप्या रेषा मारून बंद केले आणि त्या सभेचा वृत्तांत आमच्या टिपणांवरून लिहून पुढच्या कमिटी सभेत वाचून मंजूर करून घेतला. कोरे पान सोडून जाणे म्हणजे कोणालाही मागच्या तारखेने ठराव लिहायला जागा देणे होय.

पावतीपुस्तकांचेही तसेच. वापरलेली पुस्तके किती ते लिहिलेच, पण चालू पुस्तकातली शेवटची फाडलेली पावती कोणत्या क्रमांकाची आणि कोरी पुस्तके कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, हेही लिहिले.

चेकबुक उघडले तेव्हा टीचर काही क्षण गप्प बसल्या. त्यात खजिनदारांची आधीच सही असलेले चार कोरे चेक होते. ते बाहेरगावी असत, म्हणून जाताना चार-पाच चेकवर सही करून ठेवत. आम्हाला वेळेवर बिले भरता यावीत एवढाच हेतू होता. सात वर्षांत कधी काही झाले नाही. पण 'मी निघालो, हे घ्या' म्हणत असे चेक दुसऱ्याच्या हातात देणे म्हणजे खजिनदारांना न विचारता त्यांची सही देऊन टाकणे झाले असते. ते चारही चेक तिथल्या तिथे आडव्या रेघा मारून, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवले आणि त्यांचे क्रमांक यादीत घातले. सही केलेली दोन कोरी लेटरहेडेही निघाली. ती फाडली. ज्यांच्या घरात असे कागद असतील त्यांनी राजीनाम्याची वाट न पाहता आजच ते रद्द करावेत.

बँकेतल्या सह्या बदलायला कमिटीचा ठराव लागतो. जुनी सही काढून नवी घालावी असा ठराव, त्याची खरी प्रत, नव्या सहीदाराचे ओळखीचे कागद आणि नमुना सही बँकेत द्यायची. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही त्याच पत्रात बदलून घ्यायचा, नाहीतर पैसे निघाल्याचे संदेश खेडला आमच्या फोनवर येत राहिले असते आणि टीचरांना काही कळलेच नसते. बँकेने बदल केल्याचे कळवीपर्यंतच्या दिवसांत कोणताही चेक द्यायचा नाही असे आम्ही ठरवले. फक्त वीजबिल आपोआप खात्यातून जात होते, ते चालू राहू दिले.

इथपर्यंत सगळे कागदाचे झाले. खरा कस लागला तो पैशांच्या संध्याकाळी.

20 जून ही तारीख आम्ही हिशेब थांबवण्यासाठी धरली. त्या दिवशी आमच्या वहीत बँकेतली शिल्लक 3,18,260 रुपये होती. पासबुकात मात्र 3,42,610. म्हणजे बँकेत आपल्या वहीपेक्षा 24,350 रुपये जास्त. हाजीसाहेब खूश झाले. "जास्तच आहेत ना, मग काळजी कसली?" पण जास्त रक्कम ही कमी रकमेइतकीच काळजीची गोष्ट असते. ती कोणाची तरी असते.

ताळमेळ घालण्याची रीत साधी आहे. पासबुकातली एकेक नोंद वहीतल्या नोंदीशी जुळवायची आणि दोन्हीकडे पेन्सिलने खूण करायची. ज्यांना खूण झाली नाही त्याच नोंदी फरकाचे कारण असतात. आमच्याकडे पाच निघाल्या.

लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीला दिलेला 14,160 रुपयांचा चेक त्यांनी अजून बँकेत भरला नव्हता. वहीत तो खर्ची पडला होता, बँकेत पैसे तसेच होते. बँकेने 354 रुपये आकार कापला होता आणि वीजबिलाचे 3,456 रुपये आपोआप गेले होते. हे दोन्ही वहीत लिहायचे राहिले होते. आणि थेट बँकेत जमा झालेल्या दोन रकमा, 5,600 आणि 8,400, वहीत नव्हत्याच.

आता बेरीज पाहा. वहीतल्या 3,18,260 मध्ये त्या दोन रकमांचे 14,000 मिळवले की 3,32,260 होतात. त्यातून 354 आणि 3,456 वजा केले की 3,28,450 उरतात. दुसरीकडे पासबुकातल्या 3,42,610 मधून लिफ्टचे 14,160 वजा केले की तेही 3,28,450. दोन्ही बाजू जुळल्या. एका कागदावर हे लिहून त्याखाली तिघांनी सह्या केल्या.

रक्कम जुळली, पण आमची मान खाली गेली. ते 14,000 रुपये होते कोणाचे? देखभालीचा महिन्याचा आकार 1,400 रुपये. 5,600 म्हणजे चार महिन्यांचे, ते पाचव्या मजल्यावरच्या एका भाडेकरूने घरमालकाच्या वतीने भरले होते. आणि 8,400 म्हणजे सहा महिन्यांचे. पासबुकात नुसता लांबलचक क्रमांक होता, फ्लॅटचा उल्लेख नव्हता. फोनाफोनी केल्यावर कळले की, पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या खालाजानच्या मुलाने कुवेतहून एप्रिलमध्ये पाठवले होते. आणि मे महिन्यात आम्ही फलकावर थकबाकीदारांची यादी लावली, तिच्यात खालाजानचा फ्लॅट होता.

त्या दिवसांत जिन्यात भेटल्या की त्या नजर चुकवून जात. आम्हाला वाटे की, बाकी आहे म्हणून लाजत असतील. त्यांनी मुलाला विचारले होते, मुलगा म्हणाला होता की, पैसे पाठवले आहेत. त्यांनी आम्हाला विचारले नाही, कारण यादी आमच्या सहीने लागली होती आणि 'सचिव चुकत नसतील' असे त्यांना वाटले. दर महिन्याला अर्धा तास पासबुक घेऊन बसलो असतो तर हे झाले नसते. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि पावती हातात दिली. पण फलकावर लागलेले नाव माफीने पुसले जात नाही, म्हणून दुरुस्तीची सूचना त्याच फलकावर, तेवढेच दिवस, आमच्याच सहीने लावली. सचिव बदलला असता आणि ताळमेळ झाला नसता तर ही थकबाकी नव्या वहीत पुढे ओढली गेली असती आणि तिच्यावर व्याजही चढले असते.

त्यानंतर बिस्किटांचा डबा. वहीत रोख शिल्लक 9,240 रुपये होती. डबा टेबलावर ओतला. पाचशेच्या चौदा नोटा, दोनशेच्या पाच, शंभरच्या तीन, विसाच्या दोन. एकूण 8,340. म्हणजे 900 रुपये कमी. आम्ही खिशातून पाकीट काढले. सात वर्षांत 900 रुपये इकडेतिकडे होणारच, ते टाकावेत आणि विषय संपवावा.

तेवढ्यात टीचरांनी डब्याच्या तळाशी चिकटलेले रिकामे पाकीट उचलले. त्यावर आमच्याच अक्षरात लिहिले होते, 'वॉचमन ईद – 16 घरे – 3,200.' सोळा घरांनी दोनशे-दोनशे दिले होते. वॉचमन ईदआधीच गावी गेला, त्याला द्यायचे राहिले आणि कधीतरी सुटे हवेत म्हणून आम्ही त्या पाकिटातल्या नोटा डब्यातल्या नोटांत मिसळल्या. ते पैसे सोसायटीचे नव्हतेच. ते बाजूला काढले की सोसायटीची रोख उरली 5,140 आणि तूट झाली 4,100.

पाकीट सापडले नसते तर 900 भरून आम्ही सुटल्यासारखे झालो असतो आणि ईदला येणाऱ्या वॉचमनचे 3,200 रुपये कायमचे बुडाले असते. आपल्या वस्त्यांमधल्या सोसायट्यांत ही गल्लत फार होते. इफ्तारची वर्गणी, कुर्बानीनंतरच्या सफाईचे पैसे, मदरशाचा चंदा, कोणाच्या औषधपाण्यासाठी गोळा केलेली मदत, हे सगळे 'भाईंकडे ठेवा' म्हणून एकाच घरात येते आणि एकाच डब्यात जाते. सोसायटीच्या लेखापरीक्षकाला त्या पैशांशी काही देणेघेणे नसते, म्हणून त्यांची कुठेच नोंद राहत नाही. अशा प्रत्येक रकमेचे वेगळे पाकीट, त्यावर देणाऱ्यांची नावे, आणि निघताना ते पाकीट सोसायटीच्या यादीत न घालता ज्याचे त्याला किंवा ज्या कामासाठी आहे त्या कामाच्या माणसाला वेगळी सही घेऊन द्यावे. वॉचमनचे पैसे आम्ही त्याच्या भावाच्या हाती न देता तो परत आल्यावर टीचरांसमोर त्याच्या हातात दिले.

आता उरले 4,100. रमजानमध्ये एका सेहरीच्या वेळी पाण्याची मुख्य नळी फुटली होती. प्लंबरला तिथल्या तिथे रोख दिले आणि व्हाउचर करायचे राहिले, हे आठवले. त्याला बोलावले. त्याच्या हिशेबाने मजुरी 1,800 आणि नळी व जोड 800, एकूण 2,600. तो म्हणाला, "रमजानची तारीख टाकून सही देतो." टीचरांनी नको म्हटले. व्हाउचरवर आजचीच तारीख घातली, काम कधी झाले ते मजकुरात लिहिले, उशीर का झाला तेही लिहिले आणि कमिटीने ते सभेत मंजूर केले. मागची तारीख घातलेला खरा खर्चही खोटा कागद होतो आणि असा एक कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही लोक शंका घेतात.

राहिले 1,500 रुपये. त्यांचा माग लागला नाही. हाजीसाहेब म्हणाले, "छोडो भाई, पंधराशेसाठी कोण विचारतंय?" आम्ही पुन्हा पाकीट काढले. टीचर म्हणाल्या, "भरा, पण गुपचूप नको. पावती घ्या, वहीत रोख तूट म्हणून लिहा, सभेत वाचा." आम्हाला ते जड गेले. सात वर्षांच्या कामाच्या शेवटच्या सभेत आपल्या नावापुढे 'तूट' हा शब्द वाचला जाणार होता. पण विचार केला तेव्हा पटले. गुपचूप भरलेल्या पैशाने डबा जुळतो, वही खोटी राहते. आणि उद्या ते 1,500 रुपये कुठल्या विसरलेल्या खर्चाचे निघाले तर ते आम्हाला परत मिळण्याचा पुरावाही राहत नाही. आम्ही पावती घेतली. सभेत वाचले गेले. कोणी काही बोलले नाही.

सूरह बकराची 282वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत. ती आहे देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आणि साक्षीदारांबद्दल. रक्कम लहान आहे म्हणून लिहायला कंटाळू नये, हेही तिथे बजावले आहे. ती आयत आम्ही लहानपणापासून ऐकली होती. पण ती परक्या माणसाशी व्यवहार करताना पाळायची, आपल्या माणसांत काय लिहायचे, असे आम्ही धरून चाललो होतो. भरवसा असलेल्या माणसांतच लिहायचे राहून जाते आणि नंतर तिथेच मने तुटतात.

शेवटची संध्याकाळ चाव्यांची. जुडग्यात तेवीस चाव्या होत्या. यादीत 'तेवीस चाव्या' लिहिण्याऐवजी जुडगा घेऊन आम्ही गच्चीपासून खाली उतरत आलो. प्रत्येक कुलपाला चावी लावून पाहिली आणि उघडले की चावीला रंगीत फीत व चिठ्ठी बांधली. गच्ची, लिफ्टची मशीनरूम, पंपाची खोली, मीटरची खोली, कार्यालयाचे कपाट, फलकाची काच. एकोणीस चाव्यांची कुलपे सापडली, चार चाव्यांची कुठेच नाहीत. त्या वेगळ्या पाकिटात 'कुलूप आढळले नाही' असे लिहून ठेवल्या. उलट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कुलूप होते आणि त्याची चावी जुडग्यात नव्हतीच. ती वॉचमनच्या पेटीत निघाली आणि तिची दुसरी प्रत जुन्या प्लंबरकडे होती. बत्तीस घरे ज्या टाकीचे पाणी पितात तिची चावी कोणाकोणाकडे आहे हे सचिवाला माहीत नव्हते. ते कुलूप त्याच दिवशी बदलले. जी चावी बाहेर किती जणांकडे आहे हे सांगता येत नाही ती सोपवता येत नाही, तिथे कुलूपच नवे घालावे लागते.

काही गोष्टी आमच्या फोनमध्ये होत्या. कॅमेऱ्यांचा पासवर्ड, आयकराच्या खात्याचा पासवर्ड. ते बंद पाकिटात दिले आणि टीचरांनी बदलून घेतले. भाडेकरूंच्या पोलीस नोंदणीसाठी लोकांनी पाठवलेल्या आधार कार्डांचे फोटोही होते, शंभरेक तरी. ते सोसायटीच्या फायलीत आहेत याची खात्री करून टीचरांसमोर फोनमधून काढून टाकले. आता त्यांच्यावर आमचा हक्क नव्हता.

28 जूनच्या कमिटी सभेत यादी, ताळमेळाचा कागद आणि रोख मोजणीचा कागद मांडले. कार्यभार पूर्ण मिळाल्याची नोंद झाली आणि राजीनामा त्याच दिवसापासून स्वीकारल्याचा ठराव झाला. यादीच्या तीन प्रती केल्या. एक सोसायटीच्या फायलीत, एक टीचरांकडे, एक आमच्याकडे. प्रत्येक पानावर देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि साक्षीदाराची सही.

काही ठिकाणी याच्या उलट घडते. मावळते पदाधिकारी भांडणामुळे दप्तर अडवून धरतात. ते चालत नाही. नवी कमिटी निवडून आल्यावर दप्तर आणि मालमत्ता सोपवणे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960च्या कलम 160 प्रमाणे बंधनकारक आहे आणि दप्तर दाबले जात असेल तर ते ताब्यात घेण्याची कारवाई निबंधक कलम 80 खाली करू शकतात. कधी कधी घ्यायलाच कोणी पुढे येत नाही. मग यादी तयार करून, कार्यभार घेण्यासाठी तारीख-वेळ देणारे पत्र अध्यक्षांना पोच घेऊन द्यावे आणि त्याची प्रत उपनिबंधक कार्यालयात द्यावी. दप्तर दारात ठेवून निघून जाणे किंवा वॉचमनकडे ठेवणे हे सोपवणे नव्हे.

आणखी एक लक्षात ठेवायचे. सही झाली म्हणजे मागचे सगळे माफ झाले असे नाही. आमच्या काळातल्या निर्णयांना आणि हिशेबाला आम्हीच उत्तर देणार. लेखापरीक्षकाने काही विचारले तर फोन उचलू, असे आम्ही यादीच्या शेवटी लिहून दिले. सही एवढेच सांगते की, 28 जूनला काय होते आणि कोणाकडे गेले. पण तेवढे स्पष्ट असले की बाकीच्या प्रश्नांना उत्तर देणे सोपे जाते.

हिजरतीच्या रात्रीची गोष्ट आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. मक्केतले जे लोक हजरत मुहम्मद (स.) यांच्या जिवावर उठले होते त्यांच्याही अमानती आपल्याकडे होत्या. आपण निघून गेले, पण हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ज्याचे त्याला परत करण्यासाठी. जीव वाचवून निघतानाही हिशेब पुरा करण्याची सोय आधी केली होती. आम्हाला तर फक्त खेडला जायचे होते, आणि एस.टी.चे तिकीटही पुढच्या आठवड्याचे होते.

निघायच्या आदल्या दिवशी खालाजान वर आल्या. हातात शेवयांचा डबा होता. कपाटाचा खालचा रिकामा खण पाहून म्हणाल्या, "आता इथे काय ठेवणार?" आम्ही त्यात एकच फाइल ठेवली होती. यादीची आमची प्रत, ठरावाची प्रत आणि 1,500 रुपयांची पावती.